किरत करो, नाम जपो, वंड छको (ग्रंथाधार)

'''किरत करो, नाम जपो, वंड छको''' हे शीख धर्माच्या आचारमूल्यांचे सार सांगणारे पंजाबी सूत्र आहे. प्रामाणिक कष्ट करून उपजीविका करावी, ईश्वराचे नामस्मरण करावे आणि जे मिळेल ते इतरांना वाटून मग स्वतः सेवन करावे, असा त्याचा आशय आहे. शीख परंपरा ही शिकवण गुरू नानक यांची मानते. व्याख्याने, फलक आणि शालेय निबंध यांत हे सूत्र पुष्कळदा 'गुरू ग्रंथ साहिबातील वचन' म्हणून उद्धृत केले जाते. प्रत्यक्षात या शब्दांची ओळ गुरू ग्रंथ साहिबात नाही. सूत्रातील विचार मात्र ग्रंथात निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या रचनाकारांच्या पदांत आणि सलोकांत आढळतात. त्यांपैकी एक महत्त्वाचे स्थळ संत नामदेवांशी आणि त्यामुळे महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्याशी संबंधित आहे.

== शब्दार्थ ==

'किरत' हा शब्द संस्कृत 'कृ' या धातूशी संबंधित आहे. आजच्या पंजाबीत त्याचा अर्थ श्रम, हाताने केलेले काम, कष्टाची कमाई असा होतो. 'किरती' म्हणजे कष्टकरी. 'नाम जपो' हे मराठी वाचकाला सहज समजणारे आहे. 'वंड' या शब्दाचा अर्थ वाटणी असा असून तो मराठीतील 'वाटा', 'वाटणे' या शब्दांच्या जवळचा आहे. 'छकणे' म्हणजे सेवन करणे, जेवणे. गुरुद्वारात लंगरचे भोजन घेण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात. सूत्रातील तीन अंगांचा क्रम ठरलेला नाही. काही ठिकाणी 'नाम जपो' हे अंग प्रथम येते, तर काही ठिकाणी 'किरत करो'.

== हिंगोली जिल्ह्याशी संबंध ==

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव 'नरसी नामदेव' या नावाने ओळखले जाते. संत नामदेवांचे (परंपरेनुसार १२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून त्याची प्रसिद्धी आहे. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असून पंढरपूर आणि कऱ्हाड परिसरातील नरसिंगपूर यांचीही नावे घेतली जातात. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट असल्यामुळे वारकऱ्यांप्रमाणेच शीख भाविकही नरसीला येतात. शेजारच्या नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, असे शीख परंपरा मानते. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे.

दोन भक्तिपरंपरा अशा प्रकारे एकत्र येतात, तेव्हा एका परंपरेतील वचन दुसरीच्या ग्रंथाच्या नावावर जाणे, किंवा एका संताचे वचन दुसऱ्याच्या नावावर जाणे, सहज घडते. प्रस्तुत सूत्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडलेल्या दिसतात. सूत्र ग्रंथाच्या नावावर सांगितले जाते, आणि त्याचा आधार म्हणून दाखवला जाणारा एक सलोक नामदेवांच्या नावावर सांगितला जातो. दोन्ही विधाने तपासता येण्याजोगी आहेत.

== ग्रंथाची रचना आणि शोधाची रीत ==

गुरू ग्रंथ साहिबाच्या आज प्रचलित असलेल्या छापील प्रतीत १४३० पृष्ठे असतात. ग्रंथाला देहधारी गुरूचा मान असल्यामुळे पृष्ठाला 'अंग' म्हणतात. सर्व प्रमाण प्रतींत एक ओळ एकाच अंगावर येत असल्याने अंगाचा क्रमांक हा नेमका पत्ता ठरतो. जे वचन ग्रंथातील म्हणून सांगितले जाते पण ज्याचा अंग क्रमांक कोणीच देत नाही, त्याविषयी शंका घेण्यास हे पहिले कारण असते. प्रस्तुत सूत्राचे तसेच आहे.

ग्रंथातील बहुतेक रचना रागांनुसार लावलेल्या आहेत. रागात आधी गुरूंची पदे आणि अनेक रागांत शेवटी कबीर, नामदेव, रविदास आदी भक्तांची पदे येतात. गुरूंच्या पदांच्या अखेरीस 'नानक' हीच नाममुद्रा असते, मग रचनाकार पहिले गुरू असोत वा पाचवे. त्यामुळे केवळ नाममुद्रेवरून कर्तृत्व ठरत नाही. ते रचनेच्या शीर्षातील 'महला १', 'महला ५' अशा निर्देशावरून ठरते. पहिला महला म्हणजे गुरू नानक, चौथा म्हणजे गुरू रामदास आणि पाचवा म्हणजे गुरू अर्जन.

मजकुरात शब्द शोधताना दोन अडचणी येतात. पहिली लेखनाची आहे. गुरुमुखी लिपीत लिहिलेल्या या ग्रंथात अनेक शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व इकार किंवा उकार असतो. तो व्याकरणदर्शक असतो आणि वाचताना बहुधा उच्चारला जात नाही. कानाने ऐकलेला शब्द जसाच्या तसा टाकून शोध घेतल्यास, प्रत्यक्षात असलेली ओळही सापडत नाही. दुसरी अडचण भाषेच्या काळाची आहे. ग्रंथातील भाषेत आज्ञार्थाचे अनेकवचन बहुधा 'करहु', 'जपहु' असे होते, तर 'करो', 'जपो', 'छको' ही रूपे आजच्या बोलीला जवळची आहेत. सूत्राचे व्याकरणच ते उत्तरकालीन भाषेत घडल्याची खूण दाखवते.

या दोन्ही अडचणींवर गुरबाणीच्या संगणकीय संग्रहांत एक सोपा उपाय आहे. त्यांत प्रत्येक शब्दाचे केवळ पहिले अक्षर देऊन ओळ शोधता येते. प्रस्तुत सूत्रासाठी ही अक्षरे 'क क न ज व छ' अशी होतात. 'करो' असो वा 'करहु', पहिले अक्षर 'क' हेच राहते, आणि शेवटच्या इकार-उकाराचा प्रश्नही उरत नाही. अंगांचा क्रम बदलत असल्यामुळे 'न ज क क व छ' आणि इतर क्रमही तपासावे लागतात, तसेच 'क क', 'न ज', 'व छ' या जोड्या स्वतंत्रपणेही पाहाव्या लागतात. या रीतीने तपासले असता सूत्राची पूर्ण ओळ कोणत्याही क्रमाने मिळत नाही. 'नाम जपणे' या आशयाच्या ओळी मात्र ग्रंथात विपुल आहेत.

या रीतीलाही मर्यादा आहे. तिने शब्द सापडतात, अर्थ सापडत नाही. तोच विचार दुसऱ्या शब्दांत मांडला असेल तर पहिल्या अक्षरांचा शोध तेथे पोहोचत नाही. त्यामुळे शब्दांच्या शोधानंतर आशयाचा शोध घ्यावा लागतो. त्यासाठी काहनसिंग नाभा यांचा 'महान कोश' (१९३०) आणि प्रा. साहिबसिंग यांचे दहा खंडांतील 'श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण' ही साधने उपयोगी पडतात. पहिल्यातून शब्दाचे जुने अर्थ कळतात. दुसऱ्यात संपूर्ण ग्रंथाचे व्याकरणाच्या आधारे केलेले विवरण आहे.

== 'किरत' शब्दाचा ग्रंथातील अर्थ ==

केवळ शब्द सापडला म्हणून आधार मिळाला असे होत नाही. याचे उत्तम उदाहरण 'किरत' हाच शब्द आहे. तो ग्रंथात अनेकदा येतो, पण पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ 'प्रामाणिक श्रम' असा नसून 'पूर्वी केलेल्या कर्मांचा साठलेला परिणाम' असा आहे.

माझ रागातील 'बारह माहा' ही गुरू अर्जन यांची रचना अंग १३३ वर सुरू होते. तिच्या पहिल्याच ओळीत 'किरत' शब्द आहे. तेथील आशय असा, की आपण आपल्या पूर्वकर्मांमुळे ईश्वरापासून दुरावलो आहोत, त्याने कृपा करून आपल्याला पुन्हा जोडून घ्यावे. येथे 'किरत' ही आचरणात आणण्याची गोष्ट नसून ज्यातून सुटका हवी आहे ते बंधन आहे. 'किरत' हा शब्द ग्रंथात आहे म्हणून 'किरत करो' ही आज्ञा ग्रंथात आहे, असे म्हणणारा वाचक नेमका उलट अर्थ हाती घेतो. शोधात मिळालेल्या ओळीच्या मागचे-पुढचे संपूर्ण पद वाचणे यासाठी आवश्यक ठरते.

== आशयाने जवळची स्थळे ==

=== श्रम आणि दान ===

सूत्राचा ग्रंथाधार म्हणून सर्वांत अधिक सांगितले जाणारे स्थळ अंग १२४५ वर आहे. सारंग रागातील ही 'वार' गुरू रामदास यांची आहे, परंतु तिच्यात गुंफलेल्या या सलोकावर 'महला १' असा निर्देश असल्यामुळे तो गुरू नानक यांचा ठरतो. सलोकाचा सूर उपरोधिक आहे. ज्ञानाशिवाय गीते गाणारा, पोटासाठी घरालाच मशीद करणारा मुल्ला, कामधंदा न करता कान फाडून जोगी झालेला मनुष्य, अशी चित्रे त्यात क्रमाने येतात. स्वतःला गुरू किंवा पीर म्हणवून भीक मागत फिरणाऱ्याच्या पायाही पडू नये, असे पुढे सांगितले आहे. शेवटी सकारात्मक विधान येते: जो कष्ट करून खातो आणि आपल्या हातांनी काही देतो, त्यालाच खरा मार्ग ओळखता येतो.

श्रम आणि वाटणी ही सूत्राची दोन अंगे येथे एकत्र आहेत. 'किरत' आणि 'वंड' हे शब्द मात्र त्या विधानात नाहीत. कष्टासाठी आणि देण्यासाठी वेगळे शब्द योजले आहेत. नामस्मरणाचा उल्लेखही त्या विधानात नाही. संदर्भ पाहिला असता, धर्माच्या नावावर दुसऱ्याच्या कमाईवर जगणाऱ्यांवरील ही टीका आहे, हेही ध्यानात येते. सुटी ओळ वाचली तर हा रोख हरवतो.

=== श्रम आणि स्मरण ===

गुजरी रागातील वारेत, अंग ५२२ वर, गुरू अर्जन यांचा एक सलोक आहे. उद्योग करीत जगावे, कमाई करीत सुख भोगावे आणि ध्यान करीत प्रभूला भेटावे, म्हणजे चिंता उतरते, असा त्याचा आशय आहे. येथे श्रम आणि स्मरण एकत्र येतात. वाटून खाण्याचा उल्लेख नाही.

=== वाटणी आणि नाम ===

गउडी रागातील गुरू अर्जन यांच्या एका पदात (अंग १८६) बंधूंनी मिळून खावे, खर्च करावे, तरी ते कमी न होता वाढतच जाते, असे सांगितले आहे. हे पद 'वंड छको'चा आधार म्हणून दाखवले जाते. परंतु पदाच्या आरंभी वाडवडिलांचा खजिना उघडून पाहिल्याचे वर्णन आहे, आणि तो खजिना धनधान्याचा नसून ईश्वराच्या गुणगानाचा आहे. एकत्र बसून खाण्याची प्रतिमा येथे नामाच्या संपत्तीसाठी वापरली आहे. अन्न वाटून खाण्याची ही थेट आज्ञा नव्हे, जरी ती प्रतिमा निवडण्यामागे सामुदायिक भोजनाचा अनुभव असावा असे मानण्यास जागा आहे.

या तीन स्थळांवरून दिसते की सूत्राची अंगे ग्रंथात जोडीजोडीने येतात. कोठे पहिले आणि तिसरे, कोठे पहिले आणि दुसरे, तर कोठे दुसरे आणि तिसरे. तिन्ही एका सूत्रात बांधण्याचे काम परंपरेने केले आहे.

== नामदेव–त्रिलोचन संवाद ==

श्रम आणि स्मरण यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे सांगणारे स्थळ ग्रंथाच्या अखेरच्या भागात, अंग १३७५–१३७६ वर आहे. दोन सलोकांचा हा संवाद आहे. पहिल्यात भक्त त्रिलोचन आपल्या मित्राला, नामदेवाला, विचारतात की तू मायेत गुंतून हे कापड छापत का बसला आहेस, रामाकडे चित्त का लावत नाहीस. दुसऱ्यात नामदेव उत्तर देतात की मुखाने राम म्हणावे, हातापायांनी सर्व काम करावे आणि चित्त मात्र निरंजनापाशी ठेवावे.

नामदेवांचा व्यवसाय महाराष्ट्रात शिंप्याचा मानला जातो. येथे कापड छापण्याचा उल्लेख आहे. पंजाबात नामदेवांचे अनुयायी असलेल्या समाजाचा हा पारंपरिक व्यवसाय असून त्यावरूनच 'छींबा' हे समाजनाम आले आहे. कथा पंजाबच्या मातीत रुजताना व्यवसायाचा तपशीलही तेथील झालेला दिसतो.

या उत्तराचा आधार घेऊन 'नामदेवांनी गुरू ग्रंथ साहिबात म्हटले आहे' असे लिहिले जाते. हे विधान जसेच्या तसे बरोबर नाही. अंग १३६४ ते १३७७ हा भाग कबीरांच्या सलोकांचा आहे आणि हा संवाद तेथे २१२ व २१३ या क्रमांकांवर येतो. नामदेवांच्या ६१ पदांत त्याची गणना होत नाही. ग्रंथाच्या रचनेनुसार हे सलोक कबीरांच्या नावावर आहेत, आणि त्यांत नामदेव व त्रिलोचन ही बोलणारी पात्रे आहेत. 'कबीरांच्या सलोकांत नामदेवांच्या मुखी घातलेले उत्तर' असा निर्देश केला, तरच तो अचूक होतो.

मग हा विचार नामदेवांचा नाही काय, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर नामदेवांच्या स्वतःच्या पदांत मिळते. रामकली रागातील त्यांचे एक पद अंग ९७२ वर आहे. कागद आणून पतंग करणारा मुलगा सवंगड्यांशी बोलत असतो, पण त्याचे लक्ष दोरीवर असते. पाण्याच्या घागरी घेऊन निघालेल्या मुली हसतात, बोलतात, पण चित्त घागरीवर असते. गाय दूर चरायला जाते आणि मन वासरापाशी ठेवते. पाळण्यात बाळाला निजवून घरातील आणि बाहेरील कामांत गुंतलेल्या आईचे चित्त बाळाकडे असते. सोनाराचे मन जसे सोन्याच्या कामात रुतलेले असते, तसे आपले मन रामनामाने विंधले गेले आहे, असे नामदेव सांगतात. शेवटच्या दृष्टांताच्या वेळी ते नाव घेऊन त्रिलोचनालाच संबोधतात.

आसा रागातील दुसऱ्या एका पदात (अंग ४८५) नामदेवांनी मनाला गज आणि जिभेला कात्री म्हटले असून, रंगवण्याच्या व शिवण्याच्या कामातच नामस्मरण चालू असल्याचे वर्णन केले आहे. या दोन पदांच्या आधारे 'काम करीत असताना स्मरण' हा विचार नामदेवांच्या गुरू ग्रंथ साहिबातील पदांत आहे, असे निश्चितपणे म्हणता येते. मात्र त्यासाठी अंग १३७६ नव्हे, तर अंग ९७२ आणि अंग ४८५ यांचा निर्देश करावा लागतो.

== ग्रंथातील प्रत्यक्ष त्रिसूत्र ==

तीन शब्दांत आचार सांगणारे एक सूत्र गुरू ग्रंथ साहिबात खरोखर आढळते. ते 'नाम, दान, इसनान' म्हणजे नामस्मरण, दान आणि स्नान असे आहे. हे तीन शब्द गुरू नानक यांच्या 'सिध गोसटि' या रचनेत (अंग ९४२) तसेच इतर ठिकाणीही एकत्र येतात. प्रचलित सूत्राशी तुलना केली असता नाम दोन्हींत समान आहे आणि दान हे 'वंड छको'च्या जवळचे आहे. तिसरे अंग मात्र वेगळे आहे. ग्रंथातील त्रिसूत्रात स्नान, म्हणजे शुचिता आहे; प्रचलित त्रिसूत्रात त्या जागी श्रम आहे. दोन्ही सूत्रे तीन अंगांची असल्यामुळे स्मरणातून सांगताना एकाचा ग्रंथाधार दुसऱ्याला चिकटण्याची शक्यता राहते.

== ग्रंथाबाहेरील आधार ==

१६०४ मध्ये गुरू अर्जन यांनी आदि ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्याचे लेखनिक भाई गुरदास होते. भाई गुरदासांच्या स्वतःच्या वारा गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट नाहीत, तरी शीख परंपरेत त्यांना ग्रंथाची किल्ली मानले जाते. त्यांच्या सहाव्या वारेत गुरुशिखाचे वर्णन करताना धर्माने केलेली किरत आणि हातांनी देणे ही दोन्ही एकत्र आली आहेत. 'किरत' शब्द आजच्या अर्थाने आणि दानाच्या जोडीने येथे आढळतो. म्हणजे सूत्राच्या शब्दांचे मूळ शोधायचे असल्यास ग्रंथाइतकेच या वारांकडेही पाहावे लागते.

सूत्र समजावताना भाई लालो आणि मलिक भागो यांची कथा नेहमी सांगितली जाते. सुताराच्या कष्टाच्या भाकरीतून दूध आणि धनिकाच्या पक्वान्नातून रक्त निघाल्याचा प्रसंग तिच्यात आहे. ही कथा जनमसाखी परंपरेतील आहे. गुरू ग्रंथ साहिबात अंग ७२२ वर गुरू नानक लालोला संबोधतात, परंतु तेथील विषय आक्रमणाच्या काळातील अत्याचार हा आहे. भाकरीची कथा तेथे नाही. असाच प्रकार हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ मंदिराच्या बाबतीत दिसतो. नामदेवांसाठी देऊळ फिरल्याचा प्रसंग ग्रंथातील त्यांच्या पदांत (अंग ११६४ आणि १२९२) आहे, पण तेथे गावाचे नाव नाही. औंढ्याशी त्याचा संबंध महाराष्ट्रातील परंपरेने जोडलेला आहे. नाव किंवा घटना ग्रंथात असणे आणि प्रचलित कथा संपूर्णपणे ग्रंथात असणे, या भिन्न गोष्टी आहेत.

== अचूक निर्देशाचे महत्त्व ==

शीख धर्मात गुरू ग्रंथ साहिब हा केवळ धर्मग्रंथ नसून विद्यमान गुरू आहे. त्यामुळे त्याच्या शब्दांत भर घालणे किंवा बदल करणे गंभीर मानले जाते. सातवे गुरू हरराय यांचे पुत्र रामराय यांनी औरंगजेबाच्या दरबारात गुरू नानक यांच्या एका ओळीतील एक शब्द बदलून सांगितला, आणि त्यासाठी वडिलांनी त्यांचा त्याग केला, अशी परंपरा आहे. ती ओळ अंग ४६६ वर आहे. गुरू अमरदास यांच्या 'आनंद' या रचनेत (अंग ९२०) सद्गुरूखेरीज इतर वाणीला 'कच्ची' म्हटले आहे.

प्रस्तुत सूत्र अशा अर्थाने बनावट ठरत नाही, कारण परंपरेने त्याला गुरूंची बाणी म्हणून ग्रंथात घातलेले नाही. ते शिकवणीचे सार आहे आणि सार म्हणून त्याला आधार आहे. चूक होते ती त्याला अवतरणचिन्हांत घालून खाली ग्रंथाचे नाव लिहिताना. गुरू नानक यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ रावी नदीकाठी करतारपूर येथे शेती करण्यात, कीर्तनात आणि लंगर चालवण्यात गेला. सूत्रातील तिन्ही अंगांचे एकत्रित दर्शन त्या जीवनक्रमात होते. म्हणून 'गुरू नानक यांच्या शिकवणीचे परंपरागत सार' असा सूत्राचा निर्देश योग्य ठरतो. ग्रंथातील अवतरण हवे असल्यास श्रम आणि दान यांसाठी अंग १२४५, श्रम आणि स्मरण यांसाठी अंग ५२२, तर नामदेवांच्या स्वतःच्या शब्दांतील कामातले स्मरण दाखवण्यासाठी अंग ९७२ देता येते.